पंचिंग प्रेसचा फ्लायव्हील: मोटर छोटी ठेवायची असेल तर तिला थोडं दमू द्यायला लागतं

भोसरीला आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक जुना गिअरवाला पॉवर प्रेस आहे, २० टनी, त्यावर ६ एमएमच्या प्लेटला २० एमएमची भोकं पाडायचं काम सतत चालू असतं. मध्यंतरी त्याची दीड एचपीची मोटर जळाली, शेडवाल्या पोराने दुकानातून तेवढ्याच एचपीची नवी, जास्त एफिशियन्सीवाली मोटर आणून बसवली आणि दुसऱ्या दिवसापासून दर पाच-दहा मिनिटाला ओव्हरलोड रिले ट्रिप व्हायला लागला. मला म्हणाला, "दादा, मोटर कमी पडतीये, तीन एचपी टाकून देतो." मी म्हटलं थांब, जुनी दीड एचपी इतकी वर्षं चालली ना, मग नवी दीड एचपी का कमी पडेल, आधी हिशोब करू. तोच हिशोब इथे पायरी पायरीने लिहितोय, कारण जे नवीन लोक प्रेस घेतात किंवा जुना प्रेस दुरुस्त करून लावतात त्यातले बरेच जण फ्लायव्हीलला फक्त मोठी पुली समजतात.

आधी गोष्ट काय आहे ते समजून घ्या. पंच पत्र्याला टेकतो आणि भोक पडतं तो वेळ फार छोटा असतो, बाकी सगळा वेळ रॅम मोकळाच वर-खाली होत असतो. म्हणजे ताकद लागते ती क्षणभर, पण लागते तेव्हा प्रचंड लागते. त्या क्षणाची ताकद थेट मोटरकडून घ्यायची म्हटलं तर मोटर फार मोठी घ्यावी लागेल आणि ती बहुतेक वेळ रिकामी फिरेल. फ्लायव्हील मधल्या मोकळ्या वेळात मोटरकडून थोडी थोडी एनर्जी घेऊन साठवतो आणि पंचच्या वेळी एकदम सोडतो, त्यामुळे मोटरला फक्त सरासरी द्यावी लागते. आता यातलं खरं महत्त्वाचं: फ्लायव्हील एनर्जी सोडतो ती फक्त त्याचा वेग कमी झाला तरच. वेग पडला नाही तर फ्लायव्हीलने काहीच दिलेलं नाही, सगळं मोटरने दिलं. हे वाक्य डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

पायरी १: एका भोकाला किती काम लागतं

आधी फोर्स काढायचा. भोकाचा घेर गुणिले पत्र्याची जाडी म्हणजे कापलं जाणारं क्षेत्र, आणि त्याला गुणिले मटेरियलची शिअर स्ट्रेंग्थ. साध्या एमएसला मी ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरतो. २० एमएम भोकाचा घेर ६२.८ एमएम, गुणिले ६, म्हणजे ३७७ चौरस एमएम, गुणिले ३५० म्हणजे साधारण १,३२,००० न्यूटन. टनात साडेतेरा टन. २० टनी प्रेसला हे बसतं.

पण फोर्स म्हणजे काम नाही, आणि नवीन माणूस इथेच अडकतो कारण प्रेस टनावर विकला जातो. फ्लायव्हील निवडायचा असतो कामावर, म्हणजे तो फोर्स किती अंतर लागला त्यावर. पंच पत्र्यात शिरताना फोर्स आधी झटकन वर जातो आणि मग पत्रा फाटायला लागला की खाली येतो, पूर्ण ६ एमएमभर तेवढाच राहत नाही. म्हणून अंदाजाला त्याचा अर्धा धरतात: १,३२,००० गुणिले ०.००६ मीटर, भागिले २, म्हणजे सुमारे ४०० ज्यूल. गाइड, बेअरिंग, स्ट्रिपर यांच्या घर्षणासाठी पाव भाग वर धरला तर ५०० ज्यूल. हा आपला आकडा.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. पंचच्या तोंडाला तिरका कट दिला की आवाज कमी येतो आणि फोर्सही कमी लागतो, हे खरं आहे, पण काम जवळपास तेवढंच राहतं कारण तो कमी झालेला फोर्स जास्त अंतर लागतो. त्यामुळे तिरका पंच लावला म्हणून फ्लायव्हील हलका चालेल असं धरू नका.

पायरी २: सरासरी किती आणि त्या क्षणाला किती

या प्रेसचे स्ट्रोक मिनिटाला ४०, म्हणजे एका स्ट्रोकला दीड सेकंद. दर स्ट्रोकला एक भोक धरलं तर ५०० भागिले १.५ म्हणजे ३३३ वॅट. बेल्ट, गिअर, बेअरिंगमध्ये जातं ते धरून अर्धा किलोवॅटच्या आत-बाहेर. इतकंच! एक एचपीपण नाही.

आता त्या क्षणाचं बघा. स्ट्रोक ५० एमएमचा आहे, म्हणजे क्रँकचा रेडियस २५. पंच डायमध्ये एक एमएम जातो असं सेट केलंय, म्हणजे रॅम खालच्या टोकापासून ७ एमएमवर असताना पंच पत्र्याला टेकतो आणि १ एमएमवर असताना आरपार होतो. क्रँकच्या अँगलमध्ये हे ४४ अंशापासून १६ अंशापर्यंत येतं, म्हणजे ३६० पैकी फक्त २८ अंश. वेळेत बघितलं तर दीड सेकंदातले साधारण ०.१२ सेकंद. पंच टेकल्या टेकल्या पूर्ण फोर्स आला असं धरलं तर क्रँकवर टॉर्क येतो १,३२,००० गुणिले ०.०२५ गुणिले साइन ४४, म्हणजे सुमारे २,३०० न्यूटन मीटर, आणि मिनिटाला ४० फेऱ्यांवर त्याची पॉवर होते साडेनऊ किलोवॅट. म्हणजे फ्लायव्हील नसता तर जवळजवळ १३ एचपीची मोटर लागली असती, आणि फ्लायव्हील असताना सरासरी अर्धा किलोवॅट. हा फरक एकदा स्वतः कागदावर काढा, मग तो लोखंडी चाक एवढा जड का असतो ते आपोआप समजतं.

पायरी ३: वेग किती पडू द्यायचा ते ठरवा

पंच चालू असतानाही मोटर थोडं देतच असते, २८ अंशाच्या हिश्श्याएवढं. उरलेलं फ्लायव्हीलने द्यायचं: ५०० मधून साधारण ४० गेले, राहिले ४६०. आता फ्लायव्हील किती जड हवा हे त्याचा वेग किती पडू देणार यावर ठरतं.

```
I = E / (Cs × w²)
m = I / r²
```

यात I म्हणजे फ्लायव्हीलचं इनर्शिया, E म्हणजे फ्लायव्हीलने द्यायची एनर्जी ज्यूलमध्ये, w म्हणजे त्याचा सरासरी वेग रेडियन प्रति सेकंदात, Cs म्हणजे वरचा आणि खालचा वेग यातला फरक भागिले सरासरी वेग, r म्हणजे रिमच्या मधोमधचा रेडियस मीटरमध्ये, आणि m हे फक्त रिमचं वजन. आरे आणि हब यांनाही थोडं इनर्शिया असतं पण ते मी सोडून देतो, तेवढी सुरक्षितता राहते.

या प्रेसमध्ये फ्लायव्हील मागच्या शाफ्टवर आहे, २४० आरपीएमने फिरतो, आणि पुढे ६ ला १ गिअर लागून क्रँक ४० ने फिरतो. २४० आरपीएम म्हणजे २५ रेडियन प्रति सेकंद, त्याचा वर्ग ६३२. वेगातला फरक १० टक्के धरू. मग ४६० भागिले (०.१ गुणिले ६३२) म्हणजे इनर्शिया ७.३ किलोग्रॅम-मीटर वर्ग. फ्लायव्हीलचा बाहेरचा व्यास ६६० एमएम, रिमची जाडी ६० एमएम, म्हणजे मधोमधचा रेडियस ३०० एमएम, तर रिमचं वजन ७.३ भागिले ०.०९, आलं ८१ किलो. कास्ट आयर्नमध्ये १०० एमएम रुंदीचा रिम झाला की हे वजन येतं, बेल्टच्या खाचा पाडायच्या असतील तर थोडा रुंद धरायचा. आम्ही टेप घेऊन शेजारच्या प्रेसचा रिम मोजला तेव्हा जवळपास हाच निघाला, आणि मला फार बरं वाटलं, कारण याचा अर्थ ज्याने कोणी हा प्रेस बनवला त्याने १० टक्के पडझड धरूनच बनवला होता.

वेगाचा वर्ग येतो म्हणून फ्लायव्हील फास्ट शाफ्टवर असण्याचा फायदा किती ते बघा. हाच फ्लायव्हील थेट क्रँकवर, ४० आरपीएमवर बसवायचा म्हटला तर वेग सहापट कमी, म्हणून वजन ३६ पट जास्त, त्याच व्यासात जवळजवळ २,९०० किलो! म्हणून बिनगिअरच्या प्रेसचे स्ट्रोक जास्त ठेवतात आणि चाकाचा व्यास मोठा करतात, व्याससुद्धा वर्गात येतो ना. पण वेग वाढवताना रिमच्या कडेचा वेग तपासायचा. इथे तो ८.३ मीटर प्रति सेकंद आहे, कास्ट आयर्नला साधारण ३० पर्यंत चालवतात, त्यामुळे इथे चिंता नाही.

पायरी ४: फ्लायव्हील कुठे बसवायचा

बेल्टच्या नंतर. म्हणजे मोटर, मग बेल्ट, मग फ्लायव्हील, मग क्लच, गिअर आणि क्रँक. फ्लायव्हीलच्या मोटरकडच्या बाजूला सरासरी टॉर्क जातो आणि पंचकडच्या बाजूला पूर्ण झटका जातो, त्यामुळे जे नाजूक आहे ते मोटरकडच्या बाजूला आलं पाहिजे. एकाने मला विचारलं होतं की मोटर १४४० ने फिरते तर चाक तिच्याच शाफ्टवर लावलं तर फारच छोटं चालेल की. हिशोबाने चालेल, पण मग पंचचा पूर्ण झटका बेल्टमधून जाणार, बेल्ट घसरणार, आणि बेल्ट घसरला की साठवलेली एनर्जी पंचपर्यंत पोचतच नाही, बेल्ट गरम होऊन काळी भुकटी पडायला लागते.

हेच उलट बाजूनेही लक्षात ठेवा: फ्लायव्हीलमुळे क्लचची की, गिअरचे दात, क्रँक आणि फ्रेम यांचा भार एक किलोनेही कमी होत नाही. ते २,३०० न्यूटन मीटर आणि साडेतेरा टन त्यांना सोसायचेच आहेत. मोठा फ्लायव्हील लावून २० टनी प्रेसवर ३० टनाचं काम काढायला गेलात तर फ्लायव्हील बिचारा देईल तेवढी एनर्जी, पण फ्रेमचा गळा उघडेल किंवा क्रँक जाईल.

पायरी ५: मोटर, म्हणजे जिथे शेजारच्या पोराचं चुकलं

१० टक्के वेग पडायला हवा हे आपण ठरवलं. फ्लायव्हील बेल्टने मोटरला बांधलेला आहे, म्हणजे मोटरचा वेगही १० टक्के पडायलाच पाहिजे. चार पोलची मोटर, सिंक्रोनस वेग १५००. रिकामी असताना १४९० च्या आसपास फिरते. साधी मोटर फुल लोडवर १४२०-१४४० ला येते, आणि जास्त एफिशियन्सीवाली तर अजून वर राहते कारण तिची स्लिप, म्हणजे सिंक्रोनस वेगापेक्षा मागे पडणं, कमी असते. म्हणजे तिचा स्वभाव असा की वेग थोडासा पडला की ती लगेच पूर्ण टॉर्क लावून तो परत वर खेचायला बघते. फ्लायव्हील म्हणतो मी थोडा हळू होतो आणि भोक पाडतो, आणि मोटर म्हणते हळू व्हायचं नाही, मी देते. मग तो १० टक्क्यांचा ड्रॉप येईपर्यंत मोटर फुल लोडच्या कितीतरी पुढे गेलेली असते, करंट तीन-चार पट, आणि हे दर दीड सेकंदाला. थर्मल रिले तापतो तो करंटच्या वर्गाने, त्यामुळे सरासरी पॉवर अर्धा किलोवॅट असली तरी त्याला काही फरक पडत नाही, तो ट्रिप मारतो आणि बरोबरच मारतो.

जुनी मोटर हाय स्लिपची होती. तिच्या रोटरचा रेझिस्टन्स जास्त ठेवलेला असतो, फुल लोडलाच ती ८-१० टक्के स्लिप देते, म्हणजे वेग पडला तरी ती शांतपणे जवळपास आपल्याच टॉर्कवर राहते आणि फ्लायव्हीलला त्याचं काम करू देते. एफिशियन्सी थोडी कमी, रोटर गरम जास्त, पण प्रेसला हीच मोटर लागते. दुकानात प्रेस ड्युटी किंवा हाय स्लिप म्हणून मागा आणि नेमप्लेटवरचा फुल लोड आरपीएम वाचा, १४४० लिहिलेलं असेल तर ती हाय स्लिप नाही, विक्रेता काहीही म्हणो.

हाय स्लिप मिळालीच नाही तर दुसरा रस्ता असा की साधी मोटर ठेवा आणि फ्लायव्हील जड करा. ड्रॉप ५ टक्क्यांवर आणायचा असेल तर रिम दुप्पट, १६० किलोच्या पुढे. त्यासाठी शाफ्ट आणि बेअरिंग तपासायला लागतील आणि मोटरला तो चाक स्टार्टला फिरवायलाही जास्त वेळ लागेल. ८१ किलोचा रिम दीड एचपीची मोटर थेट स्टार्टरवर साधारण तीन सेकंदात वेगात आणते, दुप्पट रिमला दुप्पट वेळ. जुन्या फ्लायव्हीलला वरून प्लेटची रिंग बोल्टने मारून वजन वाढवायचा प्रकार मी बघितलाय, तो कृपया करू नका, कास्ट आयर्नच्या रिमला भोकं पाडली की तिथूनच तडा जातो.

व्हीएफडी लावणाऱ्यांसाठी एवढंच: त्यातलं स्लिप कॉम्पेन्सेशन बंद ठेवा, नाहीतर ड्राइव्हच वेग धरून बसेल आणि परत तीच गोष्ट. आणि थांबवताना ब्रेकिंग रॅम्प न देता मोकळं थांबू द्या, फ्लायव्हीलची एनर्जी उलटी ड्राइव्हमध्ये आली की ओव्हरव्होल्टेजला ट्रिप होतो.

किती एचपी? सरासरी अर्धा किलोवॅट आली, करंट वर-खाली होत राहतो त्याचं गरम होणं धरून मी दुप्पट घेतो, म्हणजे १.१ किलोवॅट, दीड एचपी.

पायरी ६: लावल्यावर तपासायचं कसं

एक टॅकोमीटर आणि एक क्लॅम्प मीटर पुरे, दोन्हीमध्ये कमीत कमी आणि जास्तीत जास्त धरून ठेवायची सोय असेल तर उत्तम. फ्लायव्हीलवर रिफ्लेक्टिव्ह पट्टीचे चार तुकडे समान अंतरावर चिकटवा आणि आलेला आकडा चारने भागा, कारण एकाच तुकड्यावर मीटरला फेरीला एकदाच रीडिंग मिळतं आणि खालचा वेग निसटतो. गार्ड काढायचा नाही, जाळीतून किरण मारायचा. कंटिन्युअस स्ट्रोकवर दहा-पंधरा भोकं पाडा आणि तीन गोष्टी बघा.

वेग खूप पडतोय पण पुढचा पंच टेकायच्या आत पूर्ण परत वर येतोय, तर मोटर ठीक आहे, फ्लायव्हील हलका आहे किंवा काम जास्त लागतंय. वेग दर स्ट्रोकला आधीपेक्षा थोडा थोडा खाली सुरू होतोय, आवाजही हळूहळू जड होत जातोय, तर सरासरीच पुरत नाहीये, मोटर खरंच छोटी आहे किंवा बेल्ट घसरतोय, आणि असंच चालू ठेवलं तर पंच पत्र्यात अडकून प्रेस खाली थांबेल. आणि वेग फारसा पडतच नाही पण करंट उड्या मारतोय, तर मोटर कडक आहे, तिला एचपी वाढवून काही होणार नाही, उलट मोठी मोटर अजून कडक असते.

अडकण्याचं अजून एक कारण असतं जे या हिशोबात दिसत नाही: बोथट पंच. धार गेली किंवा डाय क्लिअरन्स बिघडला की ५०० ज्यूलचे सहज सहाशे-सातशे होतात. काल चालत होतं आणि आज वेग जास्त पडतोय, तर मोटरकडे जायच्या आधी भोकाच्या कडेचा बर बघा.

हात घालायच्या आधी

फ्लायव्हीलमध्ये पूर्ण वेगात सुमारे २,३०० ज्यूल असतात, आणि मेन स्विच बंद केला तरी ते तिथेच असतात. मोटर बंद झाली, आवाज गेला, म्हणून डायमध्ये हात घातला आणि क्लचची की बसली तर रॅम खाली येतो, आणि त्यात चार भोकं पाडण्याइतकी ताकद शिल्लक असते. डाय बदलायच्या वेळी चाक डोळ्यांनी थांबलेला बघायचा, स्विचला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवायची, आणि रॅमखाली ठोकळा लावायचा. घाईत पेडल चुकून दाबलं जातं म्हणून पेडलवर कव्हर असलंच पाहिजे. जुना फ्लायव्हील विकत घेत असाल तर दोरीला टांगून हातोडीने हलकं वाजवा, चांगला असेल तर घंटेसारखा घुमतो, तडा असेल तर बद्द वाजतो. आऱ्याच्या मुळाशी आणि चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात तडे आधी येतात, तिथे डाय पेनिट्रंट मारून बघितलेलं केव्हाही चांगलं.

शेजारच्या पोराने शेवटी हाय स्लिपची दीड एचपी मोटर शोधून आणली, गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते तेव्हा आम्ही दोघांनी बसवली. शुक्रवारी सकाळी मोजलं: फ्लायव्हील २४७ वरून २२४ पर्यंत पडतो आणि पुढचा पंच टेकायच्या आत परत २४६ ला येतो. साध्या मोटरवर करंट ९ अँपिअरपर्यंत उडत होता, आता साडेतीनच्या वर जात नाही. रिले त्याच सेटिंगला आहे, त्याला हात लावलेला नाही.